वही कुणाची, हिशेब कुणाचा

कळंब किंवा वाशी तालुक्यातल्या एखाद्या कृषी सहायकाचा बायोडेटा उघडला तर त्यात साधारण अशी एक ओळ सापडते: ‘खरीप हंगामात कार्यक्षेत्रातील ६ गावांमध्ये घरगुती सोयाबीन बियाणे उगवणक्षमता चाचणी मोहीम प्रभावीपणे राबविण्यात आली. ४२० शेतकऱ्यांचा सहभाग. उद्दिष्टाच्या ११२ टक्के साध्य.’ तालुका कृषी कार्यालयाच्या मासिक अहवालात ही ओळ चपखल बसते. खाजगी कंपनीच्या मुलाखतीत मात्र समोरचा माणूस ती वाचतो, मान हलवतो आणि पुढच्या ओळीकडे जातो. अशा वेळी नोकरी बदलू पाहणाऱ्याला हमखास एक सल्ला मिळतो: सरकारी भाषा सोड, कॉर्पोरेट भाषेत लिही. मग ‘राबविण्यात आली’च्या जागी ‘लीड केलं’ येतं, ‘सहभाग’च्या जागी ‘आउटरीच’ येतो, ११२ टक्के तसेच राहतात आणि समोरचा माणूस पुन्हा तशीच मान हलवतो.

माझं म्हणणं असं आहे की इथे अडचण शब्दांची नाही. व्यापारी भाषा ही मुळात हिशेबाची भाषा आहे आणि हिशेब नेहमी कुणाच्या तरी वहीत मांडलेला असतो. सरकारी कामाचा परिणाम व्यापारी भाषेत सांगायचा तर आधी वही कुणाची हे ठरवावं लागतं. ते ठरलं नाही तर खरा आकडासुद्धा उलटा पडतो. घरगुती बियाण्याच्या मोहिमेइतकं याचं स्पष्ट उदाहरण धाराशिव जिल्ह्यात दुसरं सापडणार नाही, म्हणून तेच धरून पुढे जाऊ.

सोयाबीन हे या जिल्ह्याचं खरिपाचं मुख्य पीक. ते स्वपरागसिंचित आहे, त्याचे वाण संकरित नसतात. म्हणून एकदा चांगलं बियाणं घेतलं की पुढची दोन-तीन वर्षं घरचंच राखून पेरता येतं. मात्र सोयाबीनच्या दाण्याचं कवच अतिशय पातळ असतं. मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोती आदळली, थप्पी उंच लावली किंवा काढणीच्या वेळी पाऊस लागला तर दाणा वरून धडधाकट दिसतो आणि आत कोंब मेलेला असतो. २०१९च्या परतीच्या पावसाने काढणीला आलेलं पीक भिजलं आणि २०२०च्या जूनमध्ये मराठवाडाभर ‘बियाणं उगवलंच नाही’ अशा तक्रारींचा पाऊस पडला. त्यात पिशवीतलं विकतचं बियाणंही होतं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर कृषी सहायकाच्या वर्षभराच्या कामात उगवणक्षमता चाचणीचं वजन वाढलं.

चाचणी सोपी आहे. सरसकट काढलेले १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि सहा-सात दिवसांनी सशक्त कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो पेरायचं. ६५ उगवले तर त्याच प्रमाणात सव्वाबत्तीस किलोच्या आसपास. ६०च्या खाली गेलं तर ते बियाणं म्हणून वापरायचं नाही, बाजारात धान्य म्हणून विकायचं.

आता त्या ४२० शेतकऱ्यांकडे वळू. पुढचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत, पण ते अवास्तव नाहीत. समजा ४२०पैकी ३३० जणांचं बियाणं ७०च्या वर निघालं, ५५ जणांचं ६० ते ७०च्या मध्ये आणि ३५ जणांचं ६०च्या खाली. प्रत्येकी सरासरी दोन एकर सोयाबीन. विकतचं बियाणं किलोला १०० रुपये धरलं तर एकरी ३ हजार होतात. घरचं बियाणं फुकट नसतं. ते बाजारात विकलं असतं तर किलोला ४५ रुपये आले असते, म्हणजे त्याची एकरी किंमत १,३५० रुपये. फरक १,६५० रुपयांचा.

इथे पहिला मोह होतो. ३३० शेतकरी, ६६० एकर, गुणिले १,६५०, झाले जवळपास ११ लाख. ‘शेतकऱ्यांची ११ लाखांची बचत केली’ ही ओळ दिसायला फार देखणी आहे. पण मुलाखत घेणारा थोडाही मुरलेला असेल तर तो एकच प्रश्न विचारेल: “सर, तुमच्या मोहिमेच्या आधी ही माणसं काय पेरत होती?” आणि खरं उत्तर असं की त्यातले बरेच जण आधीपासून घरचंच पेरत होती. धाराशिवच्या शेतकऱ्याला घरचं बियाणं कृषी खात्याने शिकवलेलं नाही. समजा आदल्या वर्षीच्या नोंदीवरून दिसतं की ३३०पैकी २०० जण पूर्वीपासून घरचं वापरत होते. मग मोहिमेच्या खात्यावर उरले १३० शेतकरी, २६० एकर आणि ४ लाख २९ हजार रुपये. ११ लाखांचा आकडा एका प्रश्नात निम्म्याच्याही खाली आला. सरकारी अहवालात आदल्या वर्षीची स्थिती क्वचितच लिहिली जाते, कारण तिथे तुलना उद्दिष्टाशी असते. कंपनीत तुलना कालच्या दिवसाशी असते. या दोन तुलनांमधला फरक कळला की व्यापारी भाषा बरीचशी कळली.

दुसरा मोह त्या ३५ जणांचा. त्यांची दुबार पेरणी टळली. दुबार पेरणीला बियाण्याचे ३ हजार आणि पेरणीचे हजार धरले तर एकरी ४ हजार वाचले, असं चटकन लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. जरा थांबून पाहिलं तर तेही चुकीचं आहे. चाचणी झाली नसती तर या शेतकऱ्याने १,३५० रुपयांचं घरचं बियाणं मातीत घातलं असतं, पेरणीला हजार दिले असते, मग ते न उगवल्यावर विकतचं आणून पुन्हा पेरलं असतं. चाचणी झाल्यामुळे त्याने पहिल्या वेळीच विकतचं आणून पेरलं. विकतच्या बियाण्याचा खर्च दोन्ही वाटांवर आहेच. वाचले ते पहिल्या फेरीचे २,३५० रुपये. ७० एकरांचे १ लाख ६४ हजार ५००. त्यातही काही जणांना चाचणीशिवायच शंका आली असती आणि काहींचं विरळ का होईना उगवलं असतं. निम्मेच धरू: ८२ हजार. वेळेवर पेरणी झाल्याने उत्पादनात जो फरक पडला तो मी धरत नाही, कारण तो कुणी मोजलेला नाही. मधल्या ५५ जणांचंही तेच. त्यांनी बियाण्याचं प्रमाण वाढवलं, पण शेतात रोपांची संख्या मोजायला कुणी गेलं नाही. जे मोजलं नाही ते सोडून देणं हाही या भाषेचा नियमच आहे आणि सरकारी नोकरीतून येणाऱ्याला तो सर्वांत जड जातो, कारण त्याची खरी मेहनत बऱ्याचदा तिथेच गेलेली असते.

बेरीज ५ लाख ११ हजारांची. खर्च काय? गोणपाट शेतकऱ्याचं, पाणी शेतकऱ्याचं. सरकारचं गेलं ते एका माणसाचे तीन आठवडे आणि मोटारसायकलचं पेट्रोल. पगार महिना ५० हजार धरला तर सुमारे ३५ हजार. म्हणजे घातलेल्या रुपयामागे चौदा-पंधरा रुपये. कुठलाही विक्री व्यवस्थापक या गुणोत्तरावर थबकेल.

तो थबकतो तो मात्र वेगळ्या कारणाने. समजा हा बायोडेटा एका बियाणे कंपनीकडे गेला आहे. आपल्या कृषी सहायकाने अभिमानाने सांगितलं की १३० शेतकऱ्यांना विकतच्या बियाण्यापासून दूर नेलं. कंपनीच्या वहीत याचा अर्थ २६० एकरांचं बियाणं विकलं गेलं नाही, ७ लाख ८० हजारांची विक्री बुडाली. ज्या ३५ जणांना विकतचं घ्यावं लागलं ते जमेला धरले, २ लाख १० हजार, तरी ५ लाख ७० हजारांची घट उरतेच. उमेदवार आपल्याच तोंडाने सांगतो आहे की त्याने या कंपनीचं गिऱ्हाईक तोडलं. परिणाम खरा, हिशेब बरोबर, भाषा व्यापारी. वही तेवढी चुकली.

सरकारी नोकरीत पैसे घालणारा एक आणि फायदा घेणारा दुसरा असतो. शासन पगार देतं, बचत शेतकऱ्याच्या घरात राहते आणि ती पुन्हा शासनाकडे येत नाही, तशी अपेक्षाही नसते. कंपनीत पैसे घालणारा आणि फायदा मोजणारा एकच. म्हणून ‘समाजाला झालेला फायदा रुपयांत मांडा’ हा सल्ला अर्धवट आहे. रुपये कुणाच्या खिशात गेले हे विचारायचं राहून जातं.

मग बियाणे कंपनीकडे जाणाऱ्याने ही मोहीम लपवायची का? मुळीच नाही. त्याने त्याच कामाची दुसरी बाजू काढायची. ज्याने शेकडो घरांतलं बियाणं तपासलं त्याला दाणा कुठे मरतो हे कळलेलं असतं: मळणीच्या वेळी ओलावा किती होता, यंत्राचे फेरे किती होते, पोती फरशीवर ठेवली की फळ्यांवर, थप्पी किती पोत्यांची लावली. बियाणे कंपनी स्वतः बियाणं पिकवत नाही, ते शेतकऱ्यांच्या बीजोत्पादन प्लॉटवर पिकवून घेते आणि प्रत्येक लॉटची उगवण तपासली जाते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. ७०च्या खाली गेलेला लॉट धान्याच्या भावात विकावा लागतो आणि त्यावर दिलेला जादा दर बुडतो. या वहीत लिहायची ओळ अशी: ‘सहा गावांत ४२० घरगुती लॉट तपासले. त्यांपैकी ९० लॉट ७०च्या खाली गेले. त्यांची काढणी, मळणी आणि साठवण विचारून कारणं नोंदवली. पुढच्या हंगामात त्याच शेतकऱ्यांत हे प्रमाण अमुक इतकं झालं.’ शेवटचा आकडा त्याच्याकडे असेल तरच ही ओळ पूर्ण होते. बहुतेकांकडे तो नसतो, कारण दुसऱ्या वर्षी मोहिमेचं उद्दिष्ट नव्याने येतं आणि जुन्या शेतकऱ्यांकडे पुन्हा जायला कुणी सांगत नाही. कारणंसुद्धा अहवालाच्या तक्त्यात रकाना नसल्याने कुठे उतरत नाहीत. त्याच्या कामाचा सगळ्यात विकाऊ भाग असा त्याच्याच डोक्यात राहतो.

बियाणे कंपनीला उपयोगी पडणारी आणखी एक गोष्ट त्याच्याकडे असते आणि ती लिहायला लोक कचरतात: तक्रारीचा पंचनामा. बियाणं उगवलं नाही अशी तक्रार आली की तालुक्याची समिती शेतावर जाते. पावती आहे का, पिशवीवरचं लेबल आणि लॉट नंबर ठेवला आहे का, पेरणीआधी पुरेसा पाऊस झाला होता का, बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं का, हे पाहिलं जातं. दोष बियाण्याचा की पेरणीचा, हे ठरवताना कृषी सहायक तिथे उभा असतो. कंपनीत हेच काम तक्रारीचं प्रमाण आणि भरपाईचा खर्च या नावाने मोजलं जातं. शेतकरी आणि कंपनी अशा दोन चिडलेल्या पक्षांसमोर शेतातली माती उकरून निष्कर्ष लिहिणं हे दुर्मीळ कौशल्य आहे. बायोडेटात मात्र ते ‘वरिष्ठांनी नेमून दिलेली इतर कामे’ या खणात पडलेलं असतं.

तोच माणूस लातूरच्या सोयाबीन प्रक्रिया कारखान्याकडे किंवा शेतकरी उत्पादक कंपनीकडे गेला तर वही पुन्हा बदलते. तिथे घरगुती बियाणं तोटा ठरत नाही. त्यांना माल हवा आहे, वेळेवर पेरलेला आणि एका वाणाचा. इथे शेतकऱ्याची ४ लाखांची बचत सांगून फारसा उपयोग नाही, पण ‘६ गावांत कुणाच्या शेतात कोणता वाण आहे आणि तो कधी पेरला याची यादी जून अखेरीस तयार होती’ हे वाक्य खरेदी व्यवस्थापकाला ताठ बसवतं, कारण त्यावरून त्याला ऑक्टोबरमध्ये गाड्या कधी लावायच्या हे ठरवता येतं. पीक विमा कंपनीकडे गेला तर उगवणक्षमतेची ही मोहीम बाजूलाच ठेवावी लागते. खराब बियाण्यामुळे न उगवलेलं पीक हा विम्यातला धोकाच नाही, त्यामुळे ‘विमा दावे कमी केले’ असं लिहिणारा पहिल्याच प्रश्नात उघडा पडतो. तिथे पीक कापणी प्रयोगांचा अनुभव बोलतो.

आणखी एक आकडा जवळजवळ प्रत्येक बायोडेटात दिसतो: वाटलेल्या अनुदानाचा. ‘ठिबक सिंचनासाठी अमुक कोटींचं अनुदान वितरित.’ लिहिणाऱ्याला वाटतं, कंपनीला मोठे आकडे आवडतात. पण अनुदान वाटणं ही विक्री नाही. बहुतांश किंमत शासन भरत असताना अर्ज आले, यावरून शेतकऱ्याला ती वस्तू किती हवी होती हे कळत नाही. कळतं ते पुढे, नळ्या उंदरांनी कुरतडल्यावर किंवा क्षारांनी तुंबल्यावर. त्या वेळी किती जणांनी स्वतःच्या पैशाने नव्या नळ्या आणल्या आणि किती जणांनी गुंडाळून गोठ्यामागे टाकल्या? पहिला गट हेच खरं गिऱ्हाईक. ठिबक कंपनीचा अनुभवी माणूस कोटींच्या आकड्याला भुलत नाही, तो हा प्रश्न विचारतो. ज्या कृषी सहायकाला आपल्या गावांतलं याचं उत्तर ठाऊक आहे त्याने कोटी खुशाल गाळावेत.

इथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. असं वहीनिहाय कापत गेलं की सरकारी कामाचा गाभाच गळून पडतो. कंपनी आपलं गिऱ्हाईक निवडते. ज्याची पत नाही, ज्याचं शेत रस्त्यापासून दूर आहे, ज्याचं दोनच एकर आहे आणि तेही भांडणात आहे, त्याला ती सोडून देऊ शकते. कृषी सहायकाला कुणालाच नाही म्हणता येत नाही. ४२०मध्ये असे पन्नास-साठ जण असतातच आणि त्याचा निम्मा वेळ त्यांच्यात जातो. व्यापारी हिशेबात ही अकार्यक्षमता दिसते. मला वाटतं, हा भाग सेवाभाव म्हणून लिहू नये. तसा लिहिला की समोरचा माणूस आदराने मान हलवतो आणि आकडा तसाच वाईट राहतो. तो अट म्हणून लिहावा: गिऱ्हाईक निवडण्याची मुभा नव्हती, स्वतंत्र बजेट नव्हतं, कुणावर सक्ती करण्याचा अधिकार नव्हता आणि त्यात हा निकाल आला. अट सांगितली की आकड्याचं वजन बदलतं. आणि जी कंपनी ही अट ऐकूनही फक्त प्रतिमाणशी खर्च विचारते, तिला कसा माणूस हवा आहे हेही मुलाखतीतच कळून जातं, जे दोघांच्याही सोयीचं आहे.

नोकरी सोडण्याचा प्रश्न आत्ता का येतो, याचं एक साधं कारण निवृत्तिवेतनात आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर शासकीय सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. पगारातून कपात होऊन स्वतःच्या खात्यात पैसे जमू लागले. जुन्या योजनेतल्या माणसाने मध्येच राजीनामा दिला तर आधीची सेवा पाण्यात जायची, म्हणून तो हलतच नसे. खातं सोबत नेता येणारी पिढी निदान विचार तरी करू शकते. म्हणूनच हिशेब लिहिण्याची सवय आता नोकरीत असतानाच लागायला हवी. राजीनामा दिल्यावर नोंदवह्या कार्यालयातच राहतात आणि ते योग्यही आहे.

याच नोंदवह्यांशी जोडलेली एक गोष्ट मला सगळ्यात नाजूक वाटते. अहवाल, टक्के, अनुदान हे सगळं बाजूला ठेवलं तर खाजगी कंपनीला या माणसाकडून नेमकं काय हवं असतं? त्याच्या फोनमधले सहा व्हॉट्सॲप ग्रुप. त्यात ४२० शेतकरी आहेत, त्यांचे नंबर आहेत आणि ‘कृषी सहायक सांगतोय म्हणजे तो काही विकत नाही’ ही त्यांची खात्री आहे. व्यापारी भाषेत या खात्रीचं मोल वर काढलेल्या ५ लाखांच्या कितीतरी पट आहे. काही उमेदवार ते बिनदिक्कत लिहितात: ‘शेतकऱ्यांचं मजबूत नेटवर्क’. माझ्या मते ही ओळ लिहायची नाही. ते नंबर पीएम-किसानच्या, पंचनाम्याच्या, महाडीबीटीच्या कामासाठी घेतले होते. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याहून वेगळ्या कामाला ती माणसाच्या संमतीशिवाय वापरू नये, हे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यामागचंही तत्त्व आहे. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार सांगतो की ही खात्री नेता येत नाही. जूनमध्ये तोच आवाज त्याच ग्रुपवर एखाद्या विशिष्ट कंपनीच्या पिशवीचं नाव घेऊ लागला की दोन हंगामांत गाव त्याला दुकानदारांच्या रांगेत बसवतं. मग कंपनीने ज्यासाठी त्याला घेतलं तेच संपलेलं असतं.

त्या जागी लिहिता येईल असं काहीतरी त्याच्याजवळ आहे. नव्या गावात, जिथे त्याला कुणी ओळखत नाही, तिथे पहिल्या बैठकीपासून पहिल्या गोणपाटापर्यंत त्याला किती दिवस लागले, पहिल्या वर्षी किती जण आले आणि दुसऱ्या वर्षी न बोलावता किती जण स्वतःहून दाणे घेऊन आले. वाशीहून परंड्याला बदली झालेल्या माणसाला हा आकडा काढता येतो. तो शेतकऱ्यांच्या मालकीचा नाही, खात्याच्याही नाही. त्याचा स्वतःचा आहे आणि कुठल्याही कंपनीच्या वहीत तो जमेच्याच बाजूला पडतो.